नऊ प्रकल्प आणि दोन वर्षांचे पैसे

शिकागो विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी १९५५ साली 'जर्नल ऑफ बिझनेस'मध्ये एक लेख लिहिला. जेम्स लोरी हे व्यवसायशास्त्राचे प्राध्यापक, तर लिओनार्ड सॅव्हेज हे संख्याशास्त्रज्ञ. लेखाचा विषय होता भांडवलाचं रेशनिंग. कंपनीकडे चांगले प्रकल्प भरपूर आहेत, पैसा मात्र मोजका आहे; मग कोणते प्रकल्प घ्यायचे? त्यांनी उदाहरणादाखल नऊ प्रकल्पांचा एक छोटा तक्ता दिला. हा तक्ता पुढे वित्तशास्त्रात खूप वापरला गेला. या प्रकरणात आपणही त्याच नऊ प्रकल्पांवर काम करू. आकडे इतके लहान आहेत की कागद-पेन्सिल घेऊन सगळं पडताळता येतं, आणि विषयातली बहुतेक गुंतागुंत त्यात हजर आहे.

प्रकल्प एकदम एका वर्षात उभे राहत नाहीत. पहिल्या वर्षी जमीन, पाया, यंत्रांचा आगाऊ पैसा. दुसऱ्या वर्षी उरलेली यंत्रं आणि उभारणी. म्हणून तक्त्यात प्रत्येक प्रकल्पासमोर दोन खर्च आहेत. शेवटचा आकडा निव्वळ वर्तमान मूल्याचा, म्हणजे एनपीव्हीचा: प्रकल्पातून पुढे येणारा सगळा पैसा आजच्या किमतीत आणून त्यातून सगळा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. खर्चाचे आकडेही आजच्याच किमतीत आहेत. एकक हजार डॉलर समजा की लाख रुपये, हिशेबाला फरक पडत नाही.

| प्रकल्प | पहिल्या वर्षीचा खर्च | दुसऱ्या वर्षीचा खर्च | एनपीव्ही |
|---|---|---|---|
| १ | १२ | ३ | १४ |
| २ | ५४ | ७ | १७ |
| ३ | ६ | ६ | १७ |
| ४ | ६ | २ | १५ |
| ५ | ३० | ३५ | ४० |
| ६ | ६ | ६ | १२ |
| ७ | ४८ | ४ | १४ |
| ८ | ३६ | ३ | १० |
| ९ | १८ | ३ | १२ |

पहिल्या वर्षी खर्चायला ५० आहेत, दुसऱ्या वर्षी २०. प्रत्येक प्रकल्पाची एनपीव्ही धन आहे, म्हणजे पैशाची चणचण नसती तर नऊच्या नऊ घेतले असते. ते शक्य नाही. एकूण एनपीव्ही जास्तीत जास्त करायची आहे.

मर्यादा एकाच वर्षाची असती तर पाठ्यपुस्तकातला उपाय सोपा आहे: खर्चाच्या दर रुपयामागे किती एनपीव्ही मिळते ते काढायचं, प्रकल्प उतरत्या क्रमाने लावायचे आणि पैसे संपेपर्यंत वरून घेत जायचं. पहिल्या वर्षाच्या खर्चावर हे करून पाहू. तिसरा प्रकल्प पहिला येतो, मग चौथा, मग सहावा आणि त्यानंतर पाचवा. चौघांचा मिळून पहिल्या वर्षीचा खर्च ४८, म्हणजे ५० च्या आत. एनपीव्ही तब्बल ८४. आता दुसऱ्या वर्षाचा खर्च मोजा: ६ + २ + ६ + ३५, म्हणजे ४९. हातात असतात २०. पहिल्या वर्षी कामं धडाक्यात सुरू होतात आणि दुसऱ्या वर्षी अर्धवट बांधकामं पावसात उभी राहतात, ती अशाच यादीमुळे.

दोन वर्षांचे खर्च एकत्र बेरजेला घेऊन क्रम लावला तर? या तक्त्यात, न मावणारा पाचवा प्रकल्प वगळून पुढे गेलं तर, तो मार्ग योगायोगाने बरोबर उत्तराला पोचतो. पण तो विसंबण्यासारखा नाही, कारण बेरीज करताना आपण गुपचूप असं गृहीत धरतो की पहिल्या वर्षाचा एक रुपया आणि दुसऱ्या वर्षाचा एक रुपया सारखेच दुर्मीळ आहेत. इथे ते दिसतंच की खरं नाही. दुसऱ्या वर्षीची चणचण जास्त आहे. मग दोन्ही वर्षांच्या पैशाला वेगवेगळी किंमत लावली तर?

लोरी आणि सॅव्हेज यांची कल्पना नेमकी हीच. समजा कंपनीच्या मुख्य कार्यालयाने प्रत्येक प्रकल्पाला सांगितलं: पहिल्या वर्षाचा दर रुपया वापरायचा असेल तर खर्चाव्यतिरिक्त इतकं भाडं द्या, दुसऱ्या वर्षाच्या रुपयाला इतकं. एनपीव्हीतून हे भाडं वजा करूनही काही उरलं तर प्रकल्प घ्यायचा, नाहीतर सोडायचा. भाडं योग्य बसलं तर घेतलेल्या प्रकल्पांचा खर्च आपोआप मर्यादेत राहील.

भाडं किती ठेवायचं, ते अंदाजाने सुरू करू. दोन्ही वर्षांना ०.५० लावून पाहा. पाचव्या प्रकल्पाचं भाडं ३२.५ होतं, एनपीव्ही ४०. म्हणजे तो आत. पहिला, तिसरा, चौथा, सहावा आणि नववाही आत येतात. सहा प्रकल्पांचा खर्च पहिल्या वर्षी ७८ आणि दुसऱ्या वर्षी ५५. दोन्हीकडे मर्यादा मोडली, दुसऱ्या वर्षी फारच. तेव्हा दुसऱ्या वर्षाचं भाडं बरंच वाढवू. पहिल्याला ०.३०, दुसऱ्याला १.०० ठेवून पाहा. आता पाचव्या प्रकल्पाचं भाडं ९ + ३५, म्हणजे ४४, एनपीव्ही ४०. तो बाहेर गेला. दुसरा, सातवा आणि आठवाही बाहेर. आत राहिले १, ३, ४, ६ आणि ९. खर्च पहिल्या वर्षी ४८, दुसऱ्या वर्षी बरोबर २०. एकूण एनपीव्ही ७०.

दोन अंदाजांत उत्तर मिळालं. पण ते सर्वांत चांगलं आहे हे कशावरून? नऊ प्रकल्पांचे ५१२ संच होतात. ते सगळे तपासता येतील, पण तीस प्रकल्प असते तर संचांची संख्या शंभर कोटींच्या वर गेली असती. इथे भाड्याचा दुसरा उपयोग कळतो, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तेच दोन दर आपल्याला एक छत देतात, ज्याच्या वर कोणताही संच जाऊ शकत नाही.

कसं ते पाहा. कोणताही संच घ्या. त्याच्या एनपीव्हीचे दोन भाग पाडता येतात: त्या प्रकल्पांनी भरलेलं भाडं, आणि भाडं भरून उरलेली शिल्लक. संच मर्यादेत असेल तर भाडं जास्तीत जास्त किती? पहिल्या वर्षाचे ५० गुणिले ०.३० म्हणजे १५, आणि दुसऱ्या वर्षाचे २० गुणिले १, म्हणजे एकूण ३५. आणि शिल्लक जास्तीत जास्त किती? ज्यांची शिल्लक धन आहे ते सगळे घेतले आणि ऋण असलेले सगळे सोडले तर जेवढी, तेवढी. आपल्या पाच प्रकल्पांची शिल्लक अनुक्रमे ७.४, ९.२, ११.२, ४.२ आणि ३.६, बेरीज ३५.६. म्हणजे कोणत्याही संचाची एनपीव्ही ७०.६ पेक्षा जास्त असूच शकत नाही. तक्त्यातल्या सगळ्या एनपीव्ही पूर्णांक आहेत, तेव्हा ७० च्या पुढचा संच नाही. एकही दुसरा संच न तपासता सिद्धता झाली.

लोरी आणि सॅव्हेज यांना हे दर चाचपडत शोधावे लागत. दोन वर्षं असतील तोवर ठीक, पाच वर्षांच्या पाच मर्यादा आल्या की चाचपडणं संपत नाही. त्याच काळात एक दुसरं तंत्र वाढत होतं. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये लिनिअर प्रोग्रामिंगसाठी सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली होती: अनेक सरळ मर्यादा पाळून एखादी सरळ बेरीज जास्तीत जास्त करायची. मार्टिन वाइनगार्टनर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शिकागोच्या या नऊ प्रकल्पांचा प्रश्न त्या चौकटीत बसवला. प्रत्येक प्रकल्पासाठी एक संख्या धरायची, x1 ते x9. ती ० असेल तर प्रकल्प सोडला, १ असेल तर घेतला. मग प्रश्न असा होतो:

```
max  14x1+17x2+17x3+15x4+40x5+12x6+14x7+10x8+12x9
     12x1+54x2+ 6x3+ 6x4+30x5+ 6x6+48x7+36x8+18x9 <= 50
      3x1+ 7x2+ 6x3+ 2x4+35x5+ 6x6+ 4x7+ 3x8+ 3x9 <= 20
     0 <= x1, ..., x9 <= 1
```

पहिली ओळ एकूण एनपीव्ही, दुसरी पहिल्या वर्षाची मर्यादा, तिसरी दुसऱ्या वर्षाची. वर्षं वाढली की ओळी वाढतात, एवढंच. दोन प्रकल्पांपैकी एकच घेता येत असेल, समजा एकाच जागेवरच्या दोन इमारती, तर त्या दोघांच्या x ची बेरीज १ पेक्षा जास्त नको अशी आणखी एक ओळ. एक प्रकल्प दुसऱ्यावाचून निरर्थक असेल तर त्याचा x दुसऱ्याच्या x पेक्षा मोठा नको अशी ओळ. यादी क्रमाने लावण्याच्या पद्धतीत या अटींना जागाच नसते; इथे त्या सहज बसतात.

सोडवल्यावर उत्तर येतं: पहिला, तिसरा, चौथा आणि नववा प्रकल्प पूर्ण, सहावा ०.९७, सातवा ०.०४५, एकूण एनपीव्ही ७०.२७. सोबत दोन दरही येतात, आपल्या अंदाजी भाड्याची नेमकी आवृत्ती. त्यांना शॅडो प्राइस म्हणतात. पहिल्या वर्षाचा दर ०.१३६, दुसऱ्याचा १.८६४. आपल्या अंदाजाने छत ७०.६ वर होतं, या दरांनी ते ७०.२७ पर्यंत खाली आलं. जितकं येऊ शकतं तितकं.

आता सातव्या प्रकल्पाचे साडेचार टक्के म्हणजे काय? काही गुंतवणुका खरोखर तुकड्यांत घेता येतात: दुसऱ्या कंपनीबरोबर भागीदारी, भाडेपट्ट्यावरची जमीन, टप्प्याटप्प्याने वाढणारं यंत्रांचं भांडार. पण बॉयलर साडेचार टक्के बसत नाही. रेखीय मांडणी ० आणि १ च्या मधल्या सगळ्या संख्यांना मोकळीक देते, ही तिची किंमत आहे. दिलासा एवढाच की असे तुकडे मोजकेच असतात. वाइनगार्टनर यांनी दाखवून दिलं की पैशाच्या मर्यादा जितक्या, तितक्यापेक्षा जास्त प्रकल्प तुकड्यांत येण्याची गरज नसते. इथे मर्यादा दोन, तुकडेही दोन. तीस प्रकल्प आणि पाच वर्षं असती तरी तुकडे पाचांहून जास्त लागले नसते, बाकीचे सरळ हो किंवा नाही.

तुकड्यांना जवळच्या पूर्णांकाकडे ढकललं तर या उदाहरणात बरोबर उत्तर येतं. ०.९७ चा १ करा, ०.०४५ चा ०, झाला आपला ७० चा संच. इथे अनेकजण फसतात आणि ढकलणं ही पद्धत समजून बसतात. म्हणून प्रश्न थोडा बदलू. समजा पहिल्या वर्षी न वापरलेला पैसा दुसऱ्या वर्षी नेता येतो, आणि मधल्या काळात त्यावर तोच परतावा मिळतो जो एनपीव्ही काढताना धरला आहे. खर्च आजच्या किमतीत असल्यामुळे पुढे नेलेला एक तिथेही एकच राहतो. म्हणजे दोन वर्षांत मिळून ७०, त्यातले पहिल्या वर्षी फार तर ५०.

ही मांडणी सोडवली की पहिला, तिसरा, चौथा, सहावा पूर्ण येतात आणि पाचवा प्रकल्प ०.३५, एनपीव्ही ७२.१५. नववा पूर्ण बाहेर. आता ०.३५ चा ० करा: उरतात चार प्रकल्प, एनपीव्ही ५८. पण आपला जुना पाच जणांचा संच याही मर्यादेत बसतो आणि ७० देतो. ढकलाढकलीत १२ गेले, आणि हाती आलेल्या आकड्यांकडे पाहून ते गेल्याचं कळतही नाही.

योग्य मार्ग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम करणाऱ्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. तुकड्यात आलेला प्रकल्प धरायचा आणि प्रश्नाच्या दोन फांद्या करायच्या: एकीत तो सक्तीने घ्यायचा, दुसरीत सक्तीने सोडायचा. दोन्ही पुन्हा सोडवायच्या. आपल्या प्रश्नात पाचवा सक्तीने घेतला तर ७० पैकी ६५ त्यातच जातात. उरलेल्या ५ मध्ये चौथ्याचा तुकडा धरला तरी छत ४९.४. पाचवा सोडला तर छत ७०.५६. पहिल्या फांदीत ७० पर्यंत पोचणंच अशक्य, तेव्हा ती तोडून टाकायची. दुसऱ्या फांदीचं छत ७१ च्या खाली आहे आणि ७० चा पूर्ण संच हातात आहे. काम संपलं. इथेही छतच कामी आलं: कोणत्या फांद्या पाहायच्याच नाहीत हे ते सांगतं.

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये हे करायचं तर पद्धत `Simplex LP` निवडायची आणि नऊ x च्या पेशींवर `bin` ही अट घालायची. `Integer Optimality (%)` हा आकडा शून्यावर आणून ठेवावा, नाहीतर सॉल्व्हर छताच्या पुरेसं जवळ आलो असं मानून आधीच थांबू शकतो. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात येते: `bin` लावल्यावर शॅडो प्राइसचा अहवाल मिळत नाही. त्याला कारण आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

शॅडो प्राइस वाचण्याची नेहमीची रीत अशी: दुसऱ्या वर्षाचा दर १.८६४, म्हणजे त्या वर्षी एक जास्त मिळाला तर एनपीव्ही १.८६ ने वाढेल, एक कमी झाला तर तितकीच घटेल. (हे खर्च भागवून वर मिळणारं आहे, एनपीव्हीतून तो एक आधीच वजा झालेला असतो.) कंपनीच्या बैठकीत हा आकडा फार वजनदार वाटतो. कोणी म्हणेल, बँक तीस टक्के मागत असली तरी दुसऱ्या वर्षासाठी कर्ज घ्या, आपल्याला एकाचे जवळपास तीन मिळतायत.

मर्यादा खरोखर हलवून पाहू. आधी तुकड्यांची मांडणी. दुसऱ्या वर्षी २० ऐवजी २१ दिले तर एनपीव्ही ७०.२७ वरून ७१.३८ होते, वाढ १.८६ नाही, १.११ आहे. कारण हा दर फक्त २०.१७ पर्यंतच खरा आहे. तिथे सहावा प्रकल्प पूर्ण होतो, आणि पुढचा पैसा पाचव्या प्रकल्पाच्या तुकड्याकडे वळतो, जो त्याचा तितका चांगला उपयोग करत नाही. खालच्या बाजूला मात्र हाच दर १४.६७ पर्यंत टिकतो. दर वाचताना तो कुठून कुठपर्यंत लागू आहे हे सॉल्व्हरच्या अहवालात शेजारच्या दोन रकान्यांत दिलेलं असतं, आणि ते न वाचता दर सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आता पूर्ण प्रकल्पांचा हिशेब. पहिल्या वर्षाचे ५० तसेच ठेवून फक्त दुसऱ्या वर्षाची मर्यादा बदलत जाऊ. मर्यादा १९ असेल तर सर्वांत चांगला संच ५८ देतो. २० झाली की ७०. एका आकड्याने १२ चा फरक! दर म्हणत होता १.८६. आता वर जाऊ: २१ ला ७०. २५ ला ७०. ३५ मिळाले की पाचवा प्रकल्प कसाबसा मावतो, पण तो घेतला तर इतरांना जागा उरत नाही, म्हणून अजूनही ७०. ४२ पर्यंत तेच. ४३ ला पाचवा, तिसरा आणि चौथा एकत्र बसतात आणि ७२ होतात. ४९ ला सहावाही त्यांच्यात येतो आणि एकदम ८४, म्हणजे सुरुवातीला पहिल्या वर्षाच्या यादीने सुचवलेला संच.

थोडक्यात, दुसऱ्या वर्षाचे २० जपायला जिवाचं रान करावं, पण त्यावर आणखी २२ मिळवण्यासाठी कर्ज काढलं तर एकही पैसा वाढणार नाही. अखंड प्रकल्पांच्या बाबतीत पैशाचं मूल्य पायऱ्यांनी चढतं, आणि पायरीच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला एकच दर सांगून काही कळत नाही. म्हणून सॉल्व्हर तो अहवाल देत नाही, आणि म्हणून मर्यादा बदलून प्रश्न पुन्हापुन्हा सोडवण्याला पर्याय नाही. संगणकावर ते काही मिनिटांचं काम आहे.

याहून खोल अडचण विल्यम बॉमॉल आणि रिचर्ड क्वांट यांनी १९६५ मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये दाखवली. तक्त्यातला एनपीव्हीचा रकाना कुठून आला? कोणीतरी एक डिस्काउंट रेट धरला आणि पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणले. तो दर सहसा बाजारातल्या भांडवलाचा खर्च असतो: इतक्या दराने कंपनी पैसा उभारू शकते. पण रेशनिंग आहे म्हणजेच त्या दराने हवा तितका पैसा उभारता येत नाही. मग आजचा आणि पुढच्या वर्षीचा पैसा यांची अदलाबदल त्या दराने कशी करायची? आपल्याच उत्तरात हा विरोध दिसतो. तक्ता म्हणतो, आजच्या किमतीत आणलेला पहिल्या वर्षीचा एक आणि दुसऱ्या वर्षीचा एक समान. शॅडो प्राइस म्हणते, पहिला कंपनीला १.१३६ इतक्या मोलाचा आहे आणि दुसरा २.८६४ इतक्या. दोन्ही एकाच वेळी खरं नाही. बॉमॉल आणि क्वांट यांचं म्हणणं असं की अशा कंपनीचा खरा डिस्काउंट रेट शॅडो प्राइसमधूनच निघायला हवा. पण शॅडो प्राइस काढायला आधी एनपीव्ही लागते आणि एनपीव्ही काढायला दर लागतो.

या चक्रातून सुटण्याचा एक रस्ता वाइनगार्टनर यांच्या पुस्तकात आधीच होता. एनपीव्ही बाजूला ठेवायची आणि प्रत्येक वर्षाचा रोखप्रवाह जसाच्या तसा मांडायचा: या वर्षी खर्च इतका, प्रकल्पांतून आलेला पैसा इतका, ठेवीत ठेवलेला इतका, ठरलेल्या मर्यादेत कर्जाऊ घेतलेला इतका. प्रकल्पातून तिसऱ्या वर्षी आलेला पैसा चौथ्या वर्षीच्या कामाला वापरता येतो, जे आपल्या नऊ ओळींच्या तक्त्यात मुळीच दिसत नाही. मग ठरावीक शेवटच्या वर्षी, समजा दहाव्या, कंपनीकडे जास्तीत जास्त रोख आणि मालमत्ता उरावी असं उद्दिष्ट ठेवायचं. ठेवीचा दर आणि कर्जाचा दर वेगळे असू शकतात, आणि असतातच. डिस्काउंट रेट बाहेरून आणावा लागत नाही. तो उत्तरात वर्षागणिक आपोआप येतो. मला हीच मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. तिला माहिती जास्त लागते, आणि शेवटच्या वर्षानंतर प्रकल्पांची किंमत काय धरायची हा प्रश्न तिथेही सुटत नाही, फक्त दूर जातो. तरी दोन-तीन वर्षांच्या छोट्या निवडीसाठी एनपीव्हीची साधी मांडणी पुरते, जर डिस्काउंट रेट दोन-तीन वेगवेगळे धरून संच बदलतो का हे पाहिलं तर.

आता त्या २० कडे परत. ही मर्यादा घातली कोणी? वाइनगार्टनर यांनी १९७७ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं: कंपन्यांवरची रेशनिंगची बंधनं बहुधा बाजाराने नाही, त्यांनी स्वतःच घातलेली असतात. संचालक मंडळाला नवे भागीदार नको असतात, कर्ज ठरावीक पातळीच्या वर जाऊ द्यायचं नसतं, किंवा एका वर्षात इतकीच कामं सांभाळायला माणसं आहेत हे ठाऊक असतं. शेवटचं कारण असेल तर खरी मर्यादा पैशाची नाहीच, इंजिनीअरांची आहे. मग मांडणीत पैशाच्या ओळीऐवजी, किंवा तिच्याबरोबर, माणसांच्या महिन्यांची ओळ हवी: प्रत्येक प्रकल्पाला दुसऱ्या वर्षी किती इंजिनीअर किती महिने लागतील आणि हाताशी किती आहेत. पैशाची मर्यादा तिच्या जागी उभी केली की कमी पैशाचा पण माणसं खाणारा प्रकल्प सहज आत येतो.

मर्यादा बँकेने करारात घातली असेल तर ती हलणार नाही, आणि तेव्हा ७० चा संच हेच उत्तर. मंडळाने घातली असेल तर मंडळासमोर एक संच ठेवून उपयोग नाही. दुसऱ्या वर्षी १४ ते १९ दिले तर ५८, २० ते ४२ मध्ये ७०, ४३ पासून ७२, ४९ पासून ८४, आणि प्रत्येक पायरीला कोणते प्रकल्प, असे चार ओळींचे चार पर्याय ठेवायचे. त्यात पहिल्या वर्षाची एक ओळ जोडायची: ५० पैकी फार तर ४८ लागणार आहेत, उरलेले २ आत्ताच दुसरीकडे वळवले तरी चालतील. कोणी २० वर थोडे वाढवून २५ देऊ केले तर नको म्हणायचं, आणि १९ वर आणायचं म्हटलं तर मात्र त्या एकासाठी भांडायचं.